लाईट गेली तरी टीव्ही चालू: इन्व्हर्टर, डबा आणि १७० व्होल्ट

इन्व्हर्टर घेताना दुकानदार सांगतो, टीव्ही, पंखे, लाईट सगळं चालेल. आणि चालतंही. पण लाईट जाते त्या क्षणी टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते दुकानात कोणी सांगत नाही. पंख्याचा आवाज जरासा दबतो आणि परत उचलतो. बल्ब पापणी लवावी तसा लवतो. टीव्ही काळा होतो किंवा तसाच उजळ राहतो, पण चित्र मात्र गेलेलं असतं, कारण टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, आमच्याकडे सगळे ज्याला नुसतं 'डबा' म्हणतात, तो बंद पडून नव्याने सुरू होत असतो. आधी कंपनीचा लोगो, मग 'कृपया प्रतीक्षा करा', मग सिग्नल शोधणं, मग कार्ड तपासणं. दोन मिनिटं, कधी तीन. एवढ्यात मालिकेतलं जे व्हायचं ते होऊन जातं आणि आयपीएलची निम्मी ओव्हर संपते. आमची आई अशा वेळी डब्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारायची, "हाई काय व्हयनं रे?"

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ ला टेकतो आणि संध्याकाळी घरोघरी कूलर लागले की डीपी कण्हायला लागते. लाईट सलग चार तास जाते तशीच ती एका संध्याकाळी तीन-चारदा दहा-दहा मिनिटांसाठीही जाते. सलग चार तासांचा प्रश्न बॅटरीचा असतो आणि तो सगळ्यांना कळतो. ही वारंवारची ये-जा मात्र डब्याचा जीव काढते. मी इथे मुख्यतः त्याच भानगडीबद्दल लिहितो आहे.

सामान काय आहे ते आधी सांगतो. ९०० व्हीएचा साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, १२ व्होल्ट १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, ३२ इंची एलईडी टीव्ही आणि छतावर डीटीएचची छत्री. साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला असता तर बरं झालं असतं का, असं बरेच जण विचारतात. एलईडी टीव्ही आणि डबा यांच्यापुरतं बोलायचं तर फार फरक पडत नाही. दोघांच्याही आत येणारी वीज आधी सपाट करून मग लागेल त्या व्होल्टेजची बनवणारं सर्किट असतं, त्याला लाटेचा आकार कसा आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. गुरगुर ऐकू येते ती पंख्यातून, आणि टीव्हीला जुनं होम थिएटर जोडलेलं असेल तर त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून. ज्यांच्याकडे अजून जुना डब्बा टीव्ही, म्हणजे काचेच्या नळीचा टीव्ही आहे, त्यांना स्क्वेअर वेव्हवर पडद्यावर बारीक आडव्या रेघा सरकताना दिसू शकतात. त्या दिसल्या म्हणजे टीव्ही बिघडला असं नाही.

पहिलं काम वायरिंगचं. इन्व्हर्टर बसवताना वायरमन सहसा पंखे आणि बल्ब यांनाच इन्व्हर्टरची लाईन देतो, सॉकेट सोडून देतो. आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीचं सॉकेट आणि फ्रिजचं सॉकेट एकाच बोर्डावर होतं. बापूभाऊ वायरमनने बोर्ड उघडला तर दोन्ही सॉकेटला फेज एकाच तारेने, एका सॉकेटवरून दुसऱ्यावर उडी मारून गेलेला. तशीच्या तशी ती तार इन्व्हर्टरवर टाकली असती तर फ्रिजही बॅटरीवर आला असता आणि कॉम्प्रेसर सुरू होताना इन्व्हर्टरने ओव्हरलोडची शिट्टी मारली असती. त्याने मधली उडी तोडली, फ्रिजला मेनचा फेज ठेवला आणि टीव्हीच्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटला इन्व्हर्टरच्या लाईनची तार आणून दिली. न्यूट्रल जुनाच राहिला. नव्या घरांत मेनबोर्डवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाईन तोडणारी कळ असते, तिथे मात्र न्यूट्रल असा सामाईक ठेवला तर ती उगाच ट्रिप होत राहते, म्हणून इन्व्हर्टरचा न्यूट्रलही वेगळा न्यावा लागतो. हे काम ज्याने त्याने करायचं नाही. इन्व्हर्टर चालू असताना मेन स्विच पाडला तरी त्या तारेत २३० व्होल्ट असतातच. बापूभाऊने आधी इन्व्हर्टर बंद केला, मग मेन पाडला, आणि तरीही टेस्टर लावूनच तारेला हात घातला.

सॉकेट इन्व्हर्टरवर आलं, टीव्ही चालायला लागला आणि डब्याची ती दोन-तीन मिनिटांची गोष्ट सुरू झाली. याचं कारण इन्व्हर्टरच्या पाठीमागे असतं. तिथे एक छोटं बटण असतं. एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल', 'इको' किंवा असंच काहीतरी लिहिलेलं. काही मॉडेलवर ते पुढे असतं, काहींवर ते स्क्रीनच्या मेन्यूत लपलेलं असतं. घरोघरी हे बटण कारखान्यातून आलं तसंच पडून असतं.

लाईट गेली हे इन्व्हर्टरला कळायला आणि आतल्या रिलेने मेन सोडून बॅटरीची बाजू पकडायला थोडा वेळ लागतो. यूपीएसवर तो साधारण १० मिलिसेकंद असतो, नॉर्मलवर ४० मिलिसेकंदांच्या आसपास. पंख्याला ४० मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, तो गरगरत असतो. टीव्हीच्या आतला कपॅसिटर मोठा असतो, तो बहुतेक वेळा एवढी फट साठवलेल्या विजेवर काढतो. डब्याचा ॲडॉप्टर मात्र हातातल्या काडीपेटीएवढा, त्यातला कपॅसिटरही तेवढाच चिमुकला. ४० मिलिसेकंदात तो रिकामा होतो, डब्याचे १२ व्होल्ट खाली पडतात आणि आतला प्रोसेसर पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी वीज लागते, तोच सगळ्यात आधी मान टाकतो.

मग उत्तर सोपं वाटतं: बटण यूपीएसवर टाका. शहरात, जिथे व्होल्टेज दिवसभर २२० ते २३५ असतं, तिथे एवढं पुरतं. जळगावला माझ्या मेहुण्याकडे तसंच केलंय आणि लाईट गेल्याचं त्याला टीव्हीवरून कळतच नाही, इन्व्हर्टरचा खट् आवाज आला तरच कळतं. आमच्याकडे बटण यूपीएसवर टाकलं आणि पहिले दोन-तीन दिवस डबा एकदाही बंद पडला नाही. सगळे खूश. मग एका रात्री लाईट गेली आणि तासाभरात बॅटरीची शिट्टी वाजली. नवी बॅटरी, तिने चार तास तरी काढायला हवे होते.

वायरमनला बोलवायच्या आधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी इन्व्हर्टरपुढे खुर्ची टाकून बसलो. साडेसातला शेजारच्या सुकलाल आप्पांकडे बल्ब लागलेला, आमचा फ्रिज चालू, म्हणजे लाईट होती. तरी इन्व्हर्टरवरचा 'मेन्स'चा हिरवा दिवा विझलेला आणि बॅटरीवर चालत असल्याचा दिवा लागलेला. मल्टिमीटरने फ्रिजशेजारच्या मोकळ्या सॉकेटमध्ये पाहिलं तर १७२ व्होल्ट. कूलरची वेळ, डीपीवर सगळ्या गल्लीचा लोड. सगळा उलगडा त्या आकड्यात होता.

यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर फक्त चटपटीत होत नाही, तर खायच्या बाबतीत नखरेलही होतो. कंप्युटरसाठीचा मोड असल्यामुळे त्याला साधारण १८० ते २६० च्या मधलंच व्होल्टेज चालतं. त्याखाली गेलं की त्याच्या लेखी लाईट गेली. नॉर्मल मोडमध्ये तोच इन्व्हर्टर साधारण १०० पासून २९० पर्यंतची लाईट स्वीकारतो. नेमके आकडे कंपनीगणिक थोडे वेगळे असतात, पुस्तिकेत दिलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सात ते रात्री अकरा व्होल्टेज १६५ ते १७८ मध्ये लोळतं. म्हणजे लाईट असतानाही चार तास आमचं घर बॅटरीवर चालत होतं आणि तेवढा वेळ चार्जिंगही बंद. त्यानंतर खरंच लाईट गेली की बॅटरी आधीच बरीचशी उतरलेली. दोष बॅटरीचा नव्हताच.

याची आणखी एक खूण आहे, ती कानाने ओळखता येते. व्होल्टेज बरोबर १८० च्या काठावर असेल तेव्हा इन्व्हर्टर मेनवर जातो, मग बॅटरीवर येतो, परत मेनवर जातो. दर मिनिटाला खट्... खट्... असा रिलेचा आवाज येत राहतो. असा आवाज ऐकू आला की बॅटरी बदलायच्या आधी व्होल्टेज पाहावं. आणि ते मेनच्या सॉकेटवर पाहावं, इन्व्हर्टरच्या नाही. स्क्वेअर वेव्हवर स्वस्तातलं मल्टिमीटर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतं. लोक तो पाहून इन्व्हर्टर खराब झाला म्हणून दुकानात घेऊन जातात.

तर पेच असा होता: यूपीएसवर ठेवलं तर बॅटरी मरते, नॉर्मलवर ठेवलं तर डबा मरतो. मेनलाईनवर मोठा स्टॅबिलायझर बसवून आधी व्होल्टेज चढवावं आणि मग ते इन्व्हर्टरला द्यावं, हा एक मार्ग होता. बापूभाऊने तोच सुचवला. पण आठ-दहा वॅटच्या डब्यासाठी सगळ्या घराचं व्होल्टेज उचलायचं हे काही मला पटेना. डब्याला हवंय ते एवढंच, की ४० मिलिसेकंद त्याचे १२ व्होल्ट खाली येऊ नयेत.

ते काम वायफायच्या राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस करतो. साबणाच्या डबीएवढा असतो, आत लिथियमचे सेल. त्याच्या एका बाजूला ॲडॉप्टरची पिन जाते, दुसऱ्या बाजूने वायर निघून राउटरला जाते. मी तो जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणला. त्याआधी डब्याचा ॲडॉप्टर उलटा करून त्यावरचं बारीक लिखाण मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचलं. १२ व्होल्ट, १.५ ॲम्पिअर. शेजारी एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका आणि त्याभोवती अर्धगोल, त्यात मधल्या ठिपक्याला अधिक चिन्ह जोडलेलं. म्हणजे पिनच्या आतला भाग अधिक आणि बाहेरचा उणे. मिनी यूपीएसवर हेच चित्र असायला हवं. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण डबा लागेल तेवढेच ओढतो. १२ व्होल्ट २ ॲम्पिअरचा घेतला तर बहुतेक डब्यांना पुरतो.

एक बारीक गोष्ट मात्र दुकानातच बघून घ्यावी. पिन बाहेरून दिसायला सारखीच असते, ५.५ मिलिमीटरची, पण आतलं भोक कुठे २.१ तर कुठे २.५ मिलिमीटरचं. २.५ ची पिन २.१ च्या काडीवर जाते, डबा सुरूही होतो, पण ती आत सैल राहते. मग टीव्हीचं टेबल पुसताना जरा धक्का लागला की डबा बंद. लाईट जागेवर, इन्व्हर्टर जागेवर आणि डबा मात्र परत 'कृपया प्रतीक्षा करा'. म्हणून मी डब्याचा ॲडॉप्टर सोबत नेला होता आणि पिनशी पिन लावून पाहिली. पिन आत जाताना शेवटी थोडी अडली पाहिजे आणि वायर धरून डबा किंचित उचलला तरी निसटता कामा नये.

जोडणी अशी झाली: इन्व्हर्टरच्या लाईनवरचं सॉकेट, त्यात डब्याचा मूळ ॲडॉप्टर, ॲडॉप्टरची पिन मिनी यूपीएसमध्ये, तिथून डबा. पाठीमागचं बटण परत नॉर्मलवर. आता लाईट गेली की इन्व्हर्टर आपला वेळ घेऊन बदलतो, टीव्हीचं चित्र एक झटका खातं आणि चालू राहतं, डब्याला काही पत्ताच लागत नाही. मिनी यूपीएसला इथे तास-दोन तास डबा ओढायचा नसतो, मधली फट तेवढी भरायची असते. त्यामुळे त्यातले सेल वर्ष-दीड वर्षात थकले तरी आपलं काम होत राहतं. एवढं मात्र आहे की जुन्या काही डब्यांना बाहेरचा ॲडॉप्टर नसतो, २३० व्होल्टची काळी वायर थेट डब्यात जाते. त्यांना हा उपाय लागू नाही. तिथे केबलवाल्याकडून किंवा डीटीएचवाल्याकडून ॲडॉप्टरवरचा डबा बदलून घेणं बरं.

टीव्हीच बंद होऊन लाल दिव्यावर जात असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये, बहुतेक वेळा 'पॉवर' किंवा 'सिस्टीम' या सदरात, वीज आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो. तिथे 'लास्ट' म्हणजे शेवटची अवस्था निवडली की टीव्ही रिमोटची वाट न बघता स्वतः सुरू होतो. सगळ्या टीव्हींमध्ये हा पर्याय मिळेलच असं नाही.

टीव्हीला जोडलेला जुना स्टॅबिलायझर मी त्याच दिवशी काढून टाकला. नानांचा त्याला विरोध होता, कारण तो त्यांनी जुन्या टीव्हीसाठी हौसेने आणलेला. पण टीव्हीच्या पाठीमागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं आहे. म्हणजे १७० व्होल्टवर तो सुखात चालतो, त्याला कोणी चढवून द्यायची गरज नाही. उलट स्टॅबिलायझर मध्ये असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर स्क्वेअर वेव्हवर गुणगुणतो, गरम होतो आणि दहा-वीस वॅट स्वतःच खातो. शिवाय लाईट बदलली की त्याचा रिले आधी थांबून मग जोडतो, त्या थांब्यात टीव्ही आणि डबा दोन्ही जातात. तुमच्या टीव्हीवरच्या लेबलवर २०० किंवा २२० पासून पुढचाच आकडा असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

सुकलाल आप्पांनी हे सगळं बघून आपल्याकडेही तसंच करवून घेतलं. इन्व्हर्टर तसाच, मिनी यूपीएस तसाच. लाईट गेली, त्यांचा डबा बंद पडला नाही, आणि तरीही टीव्हीवर निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'. आप्पा माझ्या दारात. "तुझा चालतो, माझा का नाही?"

आप्पांकडे केबल आहे. केबलचा सिग्नल ऑपरेटरच्या खोलीतून निघतो आणि वाटेत खांबांवर, भिंतींवर लावलेल्या पेट्यांतून पुढे सरकतो. फायबरमधला उजेड पुन्हा तांब्याच्या केबलमध्ये आणायला आणि मग तो सिग्नल फुगवायला त्या पेट्यांना वीज लागते. ती वीज त्याच गल्लीतली. म्हणजे गल्लीची लाईट गेली की तुमच्या घरातला इन्व्हर्टर कितीही चांगला असो, सिग्नल खांबावरच थांबतो. काही ऑपरेटर अशा पेटीला, म्हणजे आपल्या नोडला, बॅटरी बसवतात, पण ती तास-दोन तासांची असते आणि तिचीही काळजी कोणी घेतली तरच. डीटीएचचं असं नाही. छत्रीच्या टोकावरच्या त्या पांढऱ्या तुकड्याला, म्हणजे एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट आपलाच डबा त्याच काळ्या केबलमधून वर पाठवतो. डबा चालू असला की वरचं सगळं चालू, बाकी वाट आकाशातून. ढग दाटले, जोराचा पाऊस झाला की चित्र जातं, पण त्याचा लाईटशी संबंध नाही.

दोष कुठे आहे हे रिमोटने ओळखता येतं. डब्याच्या रिमोटचं मेन्यू बटण दाबायचं. पडद्यावर मेन्यू आला तर डबा जिवंत आहे आणि अडचण सिग्नलची आहे. मेन्यूही येत नसेल आणि डब्यावरचा दिवाही विझलेला असेल तर वीज, ॲडॉप्टर, पिन यांकडे बघायचं. आप्पांच्या पडद्यावर मेन्यू लगेच आला. मी त्यांना सांगितलं की घरात अजून पैसे घालू नका, केबलवाल्याला विचारा की तुमच्या गल्लीच्या नोडला बॅटरी आहे का. बॅटरी नव्हती. त्यांनी मग डीटीएच घेतलं, पण वर्षभराचं केबलचं भाडं आधीच भरलेलं असल्याने अजूनही कुरकुरतात.

आता सलग चार तासांच्या लोडशेडिंगचं. लोकांना वाटतं की टीव्ही लावला की बॅटरी लवकर उतरते, म्हणून लाईट गेली की घरातलं मोठं माणूस पहिल्यांदा टीव्ही बंद करायला लावतं. मी सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर आणून मेनवर मोजलं. टीव्ही ४२ वॅट, डबा ९. छताचे दोन जुने पंखे प्रत्येकी ७० च्या आसपास आणि ९ वॅटचे तीन बल्ब. एकूण २१८ वॅट, त्यात टीव्ही आणि डबा मिळून ५१. पाव हिस्साही नाही. एक पंखा बंद केला तर टीव्ही आणि डबा दोन्ही बंद केल्यापेक्षा जास्त वीज वाचते, आणि ४५ डिग्रीत कोण पंखा बंद करतंय?

बॅटरीकडून हिशेब असा लागतो. इन्व्हर्टर १२ चे २३० करताना साधारण पाचवा हिस्सा स्वतः गिळतो. म्हणून २१८ वॅटसाठी बॅटरीतून २७० च्या वर जातात, १२ ने भागले की जवळपास २३ ॲम्पिअर. १५० भागिले २३ म्हणजे साडेसहा तास, असं कागदावर दिसतं. पण १५० एएच हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात ॲम्पिअरने, रिकामी केली तर मिळतो. तिप्पट वेगाने उपसली तर एवढी देत नाही. शिवाय पूर्ण खाली जाऊ द्यायची नसते, इन्व्हर्टर त्याआधीच तोडतो. आमच्याकडे नवी असताना साडेचार तास मिळाले. दोन उन्हाळे गेलेल्या बॅटरीकडून तीनची अपेक्षा ठेवावी.

टीव्हीवरच काही वाचवायचं असेल तर बॅकलाईट कमी करावा. वॅटमीटर लावून मी चित्राच्या सेटिंगमधला बॅकलाईट १०० वरून ५० वर आणला तेव्हा आकडा ४२ वरून २९ वर आला. अंधाऱ्या खोलीत फरक डोळ्यांना जाणवलाही नाही. नुसता 'ब्राइटनेस' कमी केला तर काळा रंग अधिक काळा होतो, वॅट तेवढेच राहतात, म्हणून सेटिंग बॅकलाईटचं आहे ना ते पाहावं. डब्याबद्दलही एक आहे: रिमोटने तो बंद केला तरी तो ९ चे ८ वॅट खातच राहतो, कारण त्याची फक्त स्क्रीन झोपते. रात्री लाईट नसताना झोपायला जाताना मिनी यूपीएसचं आणि सॉकेटचं, दोन्ही बटणं पाडावीत. नाहीतर पहाटेपर्यंत बॅटरी त्या आठ वॅटसाठीही उपसली जात राहते.

दोन वेळा चार-चार तास लाईट जाण्याचे दिवस आले की मात्र वेगळीच अडचण येते. रिकामी बॅटरी भरायला आठ-दहा तास लागतात आणि व्होल्टेज डाऊन असलं की त्याहून जास्त. मधल्या वेळात ती निम्मीच भरते, मग दुसऱ्या खेपेला निम्माच वेळ देते. असे आठ-पंधरा दिवस गेले की लोक बॅटरी गेली म्हणून समजतात. लाईट सुरळीत आल्यावर तिला एक-दोन दिवस पूर्ण भरू द्यावं आणि मग परत मोजावं. वरच्या तरंगत्या खुणा लाल पट्टीखाली गेल्या असतील तर पाणी डिस्टिल्ड टाकावं. आरओचंही नाही. खान्देशच्या उन्हाळ्यात ते महिन्याला बघावं लागतं. इन्व्हर्टरची ट्रॉली पश्चिमेच्या भिंतीला असेल तर ती तिथून हलवावी. आमची होती. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावला की चटका बसायचा, आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

यातलं काहीही विजेच्या कडकडाटापुढे उपयोगी नाही. मे अखेरीला, रोहिणीत, सातपुड्याकडून वादळ येतं तेव्हा छत्रीची काळी केबल डब्याच्या मागून फिरवून मोकळी करावी आणि टीव्हीची पिनही सॉकेटमधून ओढून ठेवावी. बटण बंद करून भागत नाही, कारण छतावरून येणाऱ्या केबलला बटणच नसतं. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या गल्लीत तीन घरांचे डबे एकाच कडकडाटात गेले, तिन्ही घरांत इन्व्हर्टर होते आणि त्या वेळी लाईटही गेलेली होती.